मरुत्ताचा निसटलेला त

पत्र दोन पानी होते, वहीच्या आखीव कागदावर, सुवाच्य अक्षरात. सुरुवातीची नेहमीची वाक्ये सोडून मुख्य मजकूर जसाच्या तसा देते:

«मा. बाई, स. न. वि. वि. मी गावात पौरोहित्य करतो. जे काही येते ते वडिलांकडून तोंडी शिकलो. व्याकरण शिकलेलो नाही. यंदा आरतीनंतर मंत्रपुष्पांजली झाली आणि आठवीतल्या एका मुलीने सर्वांदेखत विचारले, ‘गुरुजी, शेवटच्या श्लोकाचा अर्थ काय? आणि यात गणपतीचे नाव कुठेच कसे नाही?’ मी ‘नंतर सांगतो’ म्हणालो. चाळीस वर्षे मी हा श्लोक म्हणतो आहे आणि मला तो सांगता आला नाही. मी म्हणतो तसाच खाली लिहिला आहे. माझ्यापुरता थोडा अर्थ लावला आहे, चुकला असेल तर कळवावे. त्या मुलीला खोटा अर्थ सांगायचा नाही.»

खाली श्लोक असा लिहिला होता:

मरुतः परिवेष्टारो मरुतस्या वसन गृहे
आविक्षि तस्य कामप्रे
र्विश्वेदेवा सभासद इति

आणि त्याखाली त्यांचा अर्थ: मरुतः म्हणजे वारा. परिवेष्टारो म्हणजे वेढणारे. वसन म्हणजे वस्त्र. गृहे म्हणजे घरात. तस्य म्हणजे त्याचे. कामप्रे ही कोणाला तरी मारलेली हाक. सभासद म्हणजे सभासद. «वारा वेढून राहतो, वाऱ्याचे वस्त्र घरात, इथपर्यंत ओढून आणले. पुढे काही जुळत नाही.»

मी संस्कृत शिकवते, आणि अर्थ विचारणारी पत्रे मला अधूनमधून येतात. बहुतेकांना दोन ओळींचा अर्थ हवा असतो. या पत्रात त्याहून मोलाचे काहीतरी होते. गुरुजींनी छापील पुस्तकातून श्लोक उतरवला नव्हता, तर आपल्या तोंडून जसा येतो तसा लिहिला होता. त्यामुळे कुठे श्वास तुटतो, कुठे अक्षर गळते, आणि त्या तुटण्यातूनच चुकीचा अर्थ कसा तयार होतो, हे कागदावर स्पष्ट दिसत होते. त्यांचा एकही अंदाज अडाणीपणाचा नाही. शब्द त्यांनी तोडले तिथे तोडले, तर अर्थ तोच निघतो. ‘वसन’ असा शब्द ऐकू आला तर कोणीही वस्त्रच म्हणेल.

म्हणून उत्तर लिहिण्याआधी मी एकच गोष्ट मागितली. छापील प्रत उघडू नका, आणि हा श्लोक दोनदा म्हणून आवाज पाठवा: एकदा आरतीनंतर म्हणता त्या चालीत, एकदा अगदी सावकाश, बोलल्यासारखा. छापील पाठ आधी पाहिला तर माणूस नकळत सुधारून म्हणतो, आणि मूळ सवय झाकली जाते. आवाज आला. चालीत ‘मरुतस्यावसन’ एका दमात येत होते. सावकाश म्हणतानाही त एकच होता. श्वास दोन जागी तुटत होता, ‘तस्य’च्या आधी आणि ‘कामप्रे’नंतर.

पाठ मी अर्थातच पडताळून घेतला. हा श्लोक ऐतरेय ब्राह्मण या ऋग्वेदाशी जोडलेल्या ग्रंथात, आठव्या पंचिकेच्या, म्हणजे आठव्या भागाच्या, एकविसाव्या खंडात येतो:

मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे ।
आविक्षितस्य कामप्रेर्विश्वे देवाः सभासद इति ॥

गुरुजींच्या पाठात आणि यात खरा फरक एका अक्षराचा आहे. ‘मरुतस्य’ नव्हे, ‘मरुत्तस्य’. बाकीचे फरक शब्द तोडण्याचे, एका हलन्ताचे आणि एका विसर्गाचे. पण त्या एका तकारात सगळा श्लोक उभा आहे, म्हणून तिथे जरा थांबते.

मरुत् म्हणजे वारा, किंवा वाऱ्याशी निगडित देवगण. हा शब्द तकारान्त आहे. त्याचे अनेकवचन ‘मरुतः’, म्हणजे मरुत् देव, आणि षष्ठीचे एकवचनही ‘मरुतः’च होते. ‘मरुतस्य’ असे रूप त्याला होत नाही. ‘स्य’ हा प्रत्यय रामस्य, देवस्य अशा अकारान्त शब्दांना लागतो. तेव्हा ‘मरुतस्य’ ऐकले की व्याकरणानेच संशय यायला हवा: वाऱ्याचे असे म्हणायचे असते तर शब्द असा नसता. ‘मरुत्त’ हा मात्र अकारान्त शब्द आहे आणि ते एका राजाचे नाव आहे. मरुत्तस्य, मरुत्ताचे. पुढच्या ओळीतले ‘आविक्षितस्य’ त्याच विभक्तीत आहे, म्हणजे त्याच माणसाचे विशेषण आहे. एक त गळला की राजा नाहीसा होतो आणि वाऱ्याच्या घरी वारा राहतो.

माझा पहिला विचार असा होता की अक्षरे मोजून ही चूक सापडेल. श्लोक अनुष्टुभ् छंदात आहे, चार चरण, प्रत्येकी आठ अक्षरे. पण ‘मरुतस्यावसन् गृहे’ आणि ‘मरुत्तस्यावसन् गृहे’ दोन्हींत अक्षरे आठच भरतात, कारण जोडाक्षराचे अक्षर एकच धरतात. पहिल्यात ‘रु’ लघू आहे, दुसऱ्यात पुढच्या त्तमुळे गुरू होतो, पण अनुष्टुभात त्या जागी दोन्ही चालतात. म्हणजे इथे छंद मदतीला येत नाही आणि व्याकरणच लागते. मोजणी दुसऱ्या कामाला आली: श्लोक नेमका कुठे सुरू होतो ते कळायला. आपण ‘तदप्येष श्लोकोऽभिगीतो’ हे शब्दही याच चालीत म्हणतो, म्हणून ते श्लोकाचाच भाग वाटतात. मोजले तर ती नऊ अक्षरे आहेत. ते गद्य आहे, श्लोकाची ओळख करून देणारे. ‘याविषयी हा श्लोकही गाइला गेला आहे’, एवढेच ते सांगते. शेवटचे ‘इति’सुद्धा मोजणीबाहेर पडते. ते अवतरण संपल्याची खूण आहे.

पाठाची आणखी एक खात्री मी करून घेतली. शतपथ ब्राह्मणात अश्वमेधाच्या प्रकरणात हाच श्लोक थोड्या वेगळ्या रूपात आहे. तिथे तिसरा चरण ‘आविक्षितस्याग्निः क्षत्ता’ असा आहे. म्हणजे ‘कामप्रेः’ गेले आणि अग्नी आला, पण ‘मरुत्तस्य’ जागच्या जागी आहे. भागवताच्या नवव्या स्कंधातही मरुत्त राजाच्या यज्ञाचे वर्णन करताना ‘मरुतः परिवेष्टारो विश्वेदेवाः सभासदः’ असे शब्द येतात. गुरुजी भागवताचे पारायण करतात हे पत्रावरून कळत होते, म्हणून हा दाखला मी मुद्दाम कळवला. त्यांनी लगेच उत्तर दिले की तो श्लोक कितीदा वाचला, पण हाच तो, हे कधी लक्षात आले नव्हते.

आता शब्द एकेक घेते, गुरुजींना लिहिले तसेच.

परिवेष्टारः. इथे मोह ‘वेढणारे’ म्हणण्याचा होतो, कारण मराठीत वेष्टन आहे. पण तो धातू वेगळा. वेष्ट् धातूला कर्त्याचा प्रत्यय लावला की मध्ये इ येते आणि ‘वेष्टिता’ होते. इथे इ नाही. हे परि आणि विष् यांपासून झालेले ‘परिवेष्टा’, आणि परिवेषण म्हणजे अन्न वाढणे. परिवेष्टारः म्हणजे वाढपी. हा शब्द लिहिताना मला बरे वाटले, कारण पंगतीत उभे राहिलेल्या माणसाला वाढपी म्हणजे कोण हे वेगळे सांगावे लागत नाही.

अवसन्. हा वस् धातू, राहणे, वस्ती करणे. अवसन् म्हणजे ते राहिले. आधीच्या मरुत्तस्यमधला अंत्य अ आणि अवसन्चा अ मिळून आ झाला, म्हणून मरुत्तस्यावसन्. गुरुजी ‘मरुतस्या’ म्हणून थांबले आणि उरलेल्या ‘वसन’चे वस्त्र झाले. शेवटचा न् हलन्त आहे, त्याला अ जोडू नये.

आविक्षितस्य. यातले ‘तस्य’ सुटा शब्द नाही. अविक्षित् नावाच्या राजाचा मुलगा तो आविक्षित, जसा पृथेचा पार्थ, वसुदेवाचा वासुदेव. पहिला स्वर वाढला की ‘त्याचा मुलगा’ असा अर्थ येतो. आविक्षितस्य म्हणजे अविक्षिताच्या मुलाच्या.

कामप्रेः. हे संबोधन नाही. ‘कामप्रि’ची षष्ठी आहे. इच्छा पूर्ण करणारा, असे राजाचे विशेषण मी धरते. काही भाषांतरकार हे राजाचे नावच मानतात. दोन्ही घेतले तरी वाक्याची रचना तीच राहते.

विश्वे देवाः. हे दोन शब्द आहेत, सर्व देव. सभासदः म्हणजे सभेत बसणारे, आणि इथे मराठी शब्द आणि संस्कृत शब्द जवळजवळ एकच आहेत, हे गुरुजींनी बरोबर ओळखले होते.

तर श्लोक असा: मरुत् देव मरुत्ताच्या घरी वाढपी होऊन राहिले, इच्छा पूर्ण करणाऱ्या त्या अविक्षितपुत्राच्या सभेत सर्व देव सभासद होते.

हे मी लिहून पाठवले आणि काम संपले असे समजले. ते माझे चुकलेच. आठ दिवसांनी दुसरे पत्र आले: «अर्थ समजला. मुलीला सांगितला. ती म्हणाली, मग राजाच्या जेवणावळीचा श्लोक आपण देवापुढे का म्हणतो? मलाही तेच वाटले.»

मुलीचा प्रश्न बरोबर होता, आणि तिने मूळ दिवशी विचारलेल्या अर्ध्या प्रश्नाला, गणपती कुठे आहे याला, मी उत्तरच दिले नव्हते. शब्दांचा अर्थ सांगून भागत नाही, कारण हा श्लोक ज्या वाक्याला चिकटलेला आहे ते वाक्य आपण म्हणतच नाही. ‘तत् अपि एषः श्लोकः’ यातला तत् म्हणजे ‘त्याविषयी’. कशाविषयी? मंत्रपुष्पांजलीत त्याच्या आधी जे आहे ते चाळून पाहिले तरी उत्तर मिळत नाही. कारण मंत्रपुष्पांजली वेगवेगळ्या ठिकाणच्या तुकड्यांची जुळणी आहे. ‘यज्ञेन यज्ञम्’ हे ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्ताची शेवटची ऋचा. ‘राजाधिराजाय’ तैत्तिरीय आरण्यकातले, आणि त्यात नमस्कार कुबेराला, वैश्रवणाला आहे. ‘साम्राज्यं भौज्यं’पासून ‘एकराळिति’पर्यंतचा भाग ऐतरेय ब्राह्मणाच्या आठव्या पंचिकेतल्या पंधराव्या खंडातला. आणि त्यानंतर लगेच आपण एकविसाव्या खंडातला श्लोक म्हणतो. म्हणताना श्वासही लागत नाही, पण ग्रंथात मध्ये बरेच अंतर आहे.

त्या एकविसाव्या खंडात श्लोकाच्या नेमके आधी जे वाक्य आहे त्याचा भावार्थ असा: याच ऐंद्र महाभिषेकाने संवर्त आंगिरसाने मरुत्त आविक्षिताला अभिषेक केला, म्हणून मरुत्त आविक्षित पृथ्वी सर्व बाजूंनी जिंकत फिरला आणि त्याने अश्वमेध केला, ‘त्याविषयी हा श्लोकही गाइला गेला आहे’. हे एक वाक्य परत जोडले की सगळे जागेवर येते. तत् म्हणजे तो अभिषेक आणि त्याचे फळ. श्लोक हा दाखला आहे: हा अभिषेक झालेल्या राजाच्या घरी काय घडले ते पाहा. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात याच संवर्ताची आणि मरुत्ताची कथा सविस्तर येते. बृहस्पतीने मरुत्ताचा यज्ञ करायला नकार दिला आणि त्याच्या भावाने, संवर्ताने, तो केला. पुढे युधिष्ठिर आपल्या अश्वमेधासाठी मरुत्ताच्या यज्ञातले उरलेले सोने आणतो. गुरुजींना ही कथा येत होती. श्लोक आणि कथा त्यांच्याकडे वेगवेगळ्या कप्प्यांत होत्या, इतकेच.

‘साम्राज्यं भौज्यं’ या भागाचेही असेच झाले आहे. गुरुजींनी तो विचारला नव्हता, पण याशिवाय उत्तर पुरे होत नव्हते. ‘साम्राज्यम्, भौज्यम्, स्वाराज्यम्’ हे सगळे शब्द द्वितीयेत आहेत, म्हणजे कोणत्या तरी क्रियापदाचे कर्म आहेत. ते क्रियापद ब्राह्मणात आहे, ‘गच्छेत’, पोहोचो, मिळवो. आपण म्हणतो त्या तुकड्याच्या ते आधी येते, म्हणून कापले गेले. राजाला अभिषेक करू इच्छिणारा पुरोहित काय इच्छितो ते त्या वाक्यात आहे: हा सगळे विजय मिळवो, साम्राज्याला, भौज्याला, स्वाराज्याला पोहोचो, हा सर्वत्र पोहोचणारा, सर्व भूमीचा स्वामी, पूर्ण आयुष्याचा होवो, समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकमेव राजा होवो. ‘अयं समन्तपर्यायी स्यात्’ यातला ‘अयं’, हा, म्हणजे समोर बसलेला क्षत्रिय. बोलणारा पुरोहित. म्हणजे गुरुजी ज्या जागी उभे राहून हे म्हणतात तीच ती जागा, आणि राजाच्या जागी मूर्ती आहे.

मुलीला हेच सांगावे असे मी लिहिले. पूजेत देवाला राजोपचार करतात, छत्र, चामर, आसन. ज्याला राजा मानून उपचार केले त्याच्यापुढे शेवटी राज्याभिषेकाची इच्छावाक्ये म्हणायची, हे मला सुसंगत वाटते. हा माझा निष्कर्ष आहे, ग्रंथात कुठे तसे वाक्य नाही, हेही मी पत्रात स्पष्ट लिहिले, कारण गुरुजी माझे शब्द सभेत सांगणार होते. गणपतीचे नाव यात नाही, कारण एकाही तुकड्याचा मूळ विषय गणपती नाही. तो ऐकणारा आहे.

‘एकराळिति’मधल्या ळ वर गुरुजींनी दुसऱ्या पत्रात खूण केली होती: हा ळ मराठी सवयीने आला आहे का, तो ड म्हणावा का? नाही. ‘एकराट् इति’ यात ट् चा स्वरापुढे ड् होतो, आणि ऋग्वेदाच्या परंपरेत दोन स्वरांमधल्या ड चा ळ होतो. ‘अग्निमीळे’ मध्ये आहे तोच हा ळ. ऐतरेय हे ऋग्वेदाचे ब्राह्मण, म्हणून तो तिथे आहे. वडिलांनी शिकवलेला ळ अचूक होता. त्यांच्या पाठात जे जपले गेले ते निसटलेल्या त पेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि हे त्यांना कळणे मला गरजेचे वाटत होते, कारण एक चूक दाखवली की माणूस बरोबर असलेलेही बदलू लागतो.

बदल मी दोनच सुचवले. पहिला, त्त. ‘मरुत्’वर क्षणभर दाब द्यायचा आणि मग ‘तस्य’, जसा पत्ता, सत्ता म्हणताना जीभ दातांवर थांबते. चाल तीच राहते. दुसरा, श्वासाचा. ‘आविक्षितस्य’ हा शब्द तोडायचा नाही. आणि ‘कामप्रेर्विश्वे’मधला र् हा दोन शब्द जोडल्यामुळे विसर्गाचा झालेला आहे. श्वास पुरला तर ‘कामप्रेर्विश्वे देवाः’ सलग म्हणावे. नाही पुरला आणि थांबलात, तर संधी उरत नाही. मग ‘कामप्रेः’ असा विसर्ग म्हणायचा आणि पुढे नुसते ‘विश्वे’ने सुरू करायचे. ‘र्विश्वे’ने सुरुवात कधीच नको, तो र् आधीच्या शब्दाचा आहे. तसेच ‘तदप्येष श्लोकः’मध्ये ‘एष’नंतर विसर्ग नाही. ‘एषः’चा विसर्ग व्यंजनापुढे लोपतो, आणि बरेच जण तो भक्तिभावाने घालतात.

स्वरांबद्दल त्यांनी विचारले, तेव्हा मी हात आखडता घेतला. ऐतरेय ब्राह्मणाचे उदात्त-अनुदात्त पाठात जपलेले नाहीत, आणि पाठाची शुद्धता ही ज्यांनी गुरूसमोर बसून ऋग्वेद शिकला त्यांची बाब आहे. मी अर्थाची माणूस आहे, कंठाची नाही.

तिसऱ्या पत्रासोबत नवा आवाज आला. श्लोक पाच वेळा म्हटलेला होता. चार वेळा त्त स्वच्छ ऐकू येतो, पाचव्यांदा चाल वेगात आली आणि तो पुन्हा निसटला. ते गुरुजींच्याही लक्षात आले होते. पत्रात त्यांनी लिहिले होते, «घाईत जातो. सावकाश म्हणेन.» आणि त्याखाली नवा प्रश्न होता: भौज्य म्हणजे भोजन का? मरुत्ताकडे वाढपी होते म्हणून विचारतो.

नाही. त्याच पंचिकेच्या चौदाव्या खंडात दक्षिणेकडच्या सत्वतांच्या राजांना भौज्यासाठी अभिषेक होतो आणि त्यांना ‘भोज’ म्हणतात, असे सांगितले आहे. पूर्वेला सम्राट, पश्चिमेला स्वराट्, उत्तरेला विराट्. दिशांनुसार राजपदांची ती यादी आहे. एवढे लिहून झाले आहे. समन्तपर्यायीचा विग्रह लिहायचा राहिला आहे, तो उद्याच्या टपालात जाईल.